आभाराची तीन मिनिटं

शाळेच्या स्नेहसंमेलनात आभार मानायला माणूस उभा राहतो तेव्हा साडेसात होऊन गेलेले असतात. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, प्रास्ताविक, अहवालवाचन, बक्षीस समारंभ, पाहुण्यांचं मनोगत, अध्यक्षांचं भाषण, सगळं झालं. पडद्यामागे पहिलीच्या मुली नऊवारी नेसून तासभर उभ्या आहेत. कुणाला तहान लागली आहे, कुणाला गजऱ्याची पिन टोचते आहे. समोर बसलेले आईवडील आपल्या मुलाचा नाच कधी येतो याची वाट बघत आहेत. त्यात घड्याळाचीही घाई असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्या मैदानावर खास परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणून आभाराने जास्तीची पाच मिनिटं घेतली, की शेवटच्या नाचाचं एक कडवं कापलं जातं. ते ज्यांचं कापलं जातं ती मुलं महिनाभर तालीम करत होती.

मी मराठी शिकवत होते, म्हणून आभाराचं काम बहुतेक वर्षी माझ्याकडेच यायचं. गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत शिकवणारी माझी जुनी सहकारी मसुदा घेऊन घरी आली. सात पानं होती आणि त्यात सदतीस नावं. ‘बाई, एकही नाव गाळता येत नाही हो,’ ती म्हणाली. आम्ही घड्याळ लावलं आणि तिला फक्त नावं वाचायला सांगितलं. ‘माननीय’पासून ‘साहेब’पर्यंत आणि पुढे पद, असं एक नाव नीट उच्चारायला सरासरी चार सेकंद लागत होते. म्हणजे नुसत्या नावांनाच अडीच मिनिटं गेली. त्या अडीच मिनिटांत कुणी काय केलं याचा एक शब्द नव्हता.

नावं गाळली तर माणसं दुखावतात, ही तिची भीती खरी होती. पण ही नावं त्या संध्याकाळी कितीदा उच्चारली जातात ते आम्ही मोजलं. सूत्रसंचालक मान्यवरांना व्यासपीठावर बोलावताना एकदा घेतो, पुष्पगुच्छ देताना दुसऱ्यांदा, प्रत्येक वक्ता भाषणाच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा. पदाचा मान तिथेच पुरा होतो. देणगीदारांची नावं अहवालात असतातच. ती शाळेच्या दारातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिली, तर येणाऱ्या प्रत्येकाला दिसतात आणि दुसऱ्या दिवशीही टिकतात. फळ्यावर नाव लिहावं, रक्कम लिहू नये. पाचशे देणाऱ्याचं नाव पाच हजार देणाऱ्याच्या खाली आलं, की त्या फळ्याचा उपयोग उलटाच होतो. ही दोन कामं अशी दुसरीकडे सोपवली आणि सदतीसपैकी अठ्ठावीस नावं आभाराच्या कागदावरून उतरली.

उरलेल्या माणसांसाठी आम्ही एकच कसोटी लावली: यांनी काय केलं ते एका वाक्यात, डोळ्यांपुढे उभं राहील असं सांगता येतं का? ‘मोलाचं सहकार्य लाभलं’ हे वाक्य मंडपवाल्यालाही लागतं आणि सरपंचांनाही लागतं, म्हणून ते दोघांनाही ऐकू येत नाही. ‘वेळात वेळ काढून’, ‘ज्ञात-अज्ञात हात’, ‘आभार मानून परकं करणार नाही, ऋणात राहणंच पसंत करेन’ यांचंही तेच. यातल्या शेवटच्या वाक्यामागे खरी भावना आहे. आपल्या घरांत आईला कुणी ‘आभारी आहे’ म्हणत नाही, आणि शाळा म्हणजे घरच, असं त्यातून सुचवायचं असतं. पण समोरच्याने रात्रभर जागून कमान उभी केलेली असते. त्याचे आभार मानायलाच तर आपण उभे आहोत. तेव्हा सरळ मानावेत. आभार मानतात, धन्यवाद देतात; ‘धन्यवाद मानते’ असं मात्र म्हणू नये.

असं वाक्य सापडायचं तर कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मैदानावरून एक फेरी मारावी लागते. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून केलेल्या यादीत पदं येतात. फेरी मारली की दिसतं, की शिपाईमामा पाइप धरून मैदानावर पाणी मारत आहेत, एक आई पायरीवर बसून तुटलेलं पैंजण दोऱ्याने बांधते आहे, आणि शाळेला लागून असलेल्या घरातले आजोबा व्हरांड्यात खुर्ची टाकून तालीम बघत आहेत.

आणखी एक गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका वर्षी ठरलेले पाहुणे आयत्या वेळी येऊ शकले नाहीत. त्यांच्या जागी दुसरे गृहस्थ धावतपळत आले, आणि मी माझा आठवडाभर आधी लिहिलेला कागद तसाच वाचला. न आलेल्या पाहुण्यांचे आल्याबद्दल आभार मानले गेले, आलेले गृहस्थ समोर बसून ते ऐकत होते. नंतर मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या दिवसापासून पाहुण्यांसाठी कागदावर दोन-तीन ओळी कोऱ्या ठेवते. व्यासपीठाच्या कडेला पेन्सिल घेऊन बसायचं, कोण आलं ते खूण करायचं आणि पाहुण्यांच्या भाषणातला एक तपशील टिपून त्या कोऱ्या ओळींत लिहायचा. हा तपशील आधी तयार करता येत नाही, म्हणूनच पाहुण्यांना कळतं की आपलं बोलणं कुणीतरी खरंच ऐकलं.

क्रमही आम्ही ठरवला. आधी पाहुणे, मग अध्यक्ष, मग मदत करणारे पालक आणि शेजारी, मग शाळेतली माणसं, शेवटी मुलं. वरून खाली असा हा क्रम वाटतो, पण बोलताना तो पाहुण्यांकडून पडद्याकडे सरकतो, आणि सगळ्यांची नजर शेवटी जिथे जायला हवी तिथेच जाते.

पाहुण्या त्या वर्षी शाळेच्याच माजी विद्यार्थिनी होत्या, जिल्हा रुग्णालयात परिचारिका. माझ्या सहकारीने त्या संध्याकाळी केलेलं आभाराचं भाषण तिच्या परवानगीने इथे देते. नावं मी गाळली आहेत. तिने ती घेतली होती.

‘व्यासपीठावरचे मान्यवर, पालकहो, आणि पडद्यामागे सजून उभ्या असलेल्या माझ्या मुलांनो,

ताई, तुम्ही आत्ता सांगितलंत, की पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तुम्ही दप्तर डोक्यावर घेऊन शाळेत यायचात. तेव्हा पाचवीच्या रांगेतल्या मुली एकमेकींकडे बघत होत्या. त्यांतल्या चौघी आजही त्याच ओढ्यावरून येतात. रुग्णालयातली पाळी बदलून घेऊन तुम्ही आज इथे आलात. त्या चौघींच्या वतीने मी तुमचे मनापासून आभार मानते.

अध्यक्ष महोदय, बक्षीस देताना तुम्ही प्रत्येक मुलाला त्याचं नाव विचारलंत. घाई असूनही विचारलंत. मुलं घरी जाऊन तेच सांगणार आहेत. तुमचे आभार.

आज पावणेसहाला वीज गेली. वीस मिनिटांत मैदानात जनरेटर आला. तो आणणारे आपल्या सातवीतल्या मुलाचे वडील आहेत, आणि ते अजूनही खुर्चीवर न बसता जनरेटरजवळच उभे आहेत. दादा, मंडपातला हा उजेड तुमच्यामुळे आहे. आम्ही आभारी आहोत.

आयांनो, तुमच्या जुन्या साड्यांतून बारा कोळणी तयार झाल्या आहेत, थोड्या वेळात बघालच. आणि शाळेच्या आसपास राहणाऱ्यांनी महिनाभर रोज दुपारी तीच सहा गाणी ऐकली, पण आवाज कमी करा म्हणून एकदाही सांगितलं नाही. तुम्हा सर्वांचे आभार.

मामा, तुम्ही दुपारी मैदानावर पाणी मारलंत, म्हणून आज लेझमीत धूळ उडणार नाही. मावशी, सगळे वर्ग तुम्ही आज दोनदा झाडलेत. आणि माझ्या सहकारी शिक्षकांनो, आज दुपारचा डबा तुमच्यापैकी कुणीही उघडलेला नाही, हे मी पाहिलं आहे. तुमचे सगळ्यांचे आभार.

मुलांनो, आता तुमची पाळी. तुम्ही खूप वेळ वाट बघितलीत, त्याबद्दल तुमचे आभार. पडदा उघडा.’

घरी वाचताना याला पावणेदोन मिनिटं लागली होती. मैदानावर मध्ये टाळ्या पडल्या, जनरेटरजवळच्या गृहस्थांकडे सगळे वळून बघू लागले, तिथे ती थांबली, आणि एकूण तीन मिनिटांच्या थोडं आत झालं. एवढी जागा टाळ्यांसाठी धरावीच लागते. व्यासपीठावर स्वच्छ बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. म्हणून कागदावर अडीचशेच्या वर शब्द गेले, तर काहीतरी काढायला हवं. काढताना पूर्ण वाक्य काढावं. वाक्य ठेवून त्यातला तपशील गाळला तर पुन्हा ‘मोलाचं सहकार्य’च उरतं.

वीज जाणं, जनरेटर येणं हे काही सात पानांच्या मसुद्यात नव्हतं. ते घडलं आणि तिने ते तिथल्या तिथे घेतलं, त्यासाठी मंडपवाल्याच्या कमानीचं एक चांगलं वाक्य काढून टाकलं. मला ते वाक्य आवडलं होतं. पण कमान सगळ्यांना दिसत होती आणि फळ्यावर त्यांचं नाव होतं. जनरेटर मात्र मंडपाच्या मागे होता.

शेवटच्या वाक्याबद्दल एक सांगायला हवं. या शाळेत आभारानंतर लगेच सांस्कृतिक कार्यक्रम होता, म्हणून ‘पडदा उघडा’ चाललं. जिथे आभारानंतर पसायदान किंवा वंदे मातरम् असतं, तिथे शेवटी सगळ्यांना उभं राहायची विनंती करावी आणि माइक गाणाऱ्या मुलींच्या हातात देऊनच खाली उतरावं. आभार संपले आणि पुढे काय हे कुणालाच माहीत नाही, अशी अर्धी मिनिटं मी बरीच बघितली आहेत. लोक खुर्च्या सरकवायला लागतात, आणि पसायदान म्हणणाऱ्या मुलींचा पहिला शब्द त्या आवाजात बुडतो. त्या मुलींना आधीच सांगून ठेवावं, की माझं अमुक वाक्य आलं की तुम्ही पायऱ्या चढायच्या. तालमीत हे एकदा करून बघितलं की पुरतं.