शिबिराची सूचना लिहिताना

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या फलकावर तीन ओळींची सूचना लागली होती. 'रविवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये रक्तदान शिबिर. रक्तदान हेच श्रेष्ठदान. सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.' तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी पहिल्यांदाच रक्त द्यायला उत्साहाने खाली आली, तीही उपाशीपोटी. तपासणीसाठी रक्त देताना काही खायचं नसतं, तसंच इथेही असेल असं तिला वाटलं. डॉक्टरांनी तिला परत पाठवलं. ती चूक तिची नव्हती, आमच्या सूचनेची होती.

यंदाची सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं होतं: 'भरपेट नाश्ता करून या.' चार तासांच्या आत काहीतरी खाल्लेलं असावं, रात्री झोप झालेली असावी, आदल्या दिवशी मद्य घेतलेलं नसावं. वेळ सकाळी ९ ते दुपारी १, पण नोंदणी साडेबारालाच बंद होणार हेही लिहिलं. फॉर्म, तपासणी, रक्तदान आणि नंतरची विश्रांती धरून माणशी पाऊण तास लागतो. एकला पाच मिनिटं कमी असताना धावत येणाऱ्याचं काम घाईत उरकावं लागतं, आणि तपासणीत घाई नकोच.

मग पात्रता. वय १८ ते ६५. मात्र पहिल्यांदाच देणाऱ्याचं वय ६० पेक्षा जास्त नको. वजन किमान ४५ किलो. पुरुषांनी मागच्या रक्तदानानंतर ९० दिवस आणि स्त्रियांनी १२० दिवस थांबायचं. शरीर रक्तातलं पाणी एकदोन दिवसांत भरून काढतं, पण तांबड्या पेशी आणि लोह भरून यायला आठवडे, कधी महिने जातात. म्हणून हे अंतर ठेवलेलं आहे. वर्षभरात टॅटू काढलेला असेल, मासिक पाळी चालू असेल, मूल अंगावर पीत असेल, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल, तर यंदा थांबावं. एखादी गोळी रोज घेत असाल तर घरी बसून स्वतःच निकाल लावू नका. औषधाचं नाव डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील.

सर्वांत जास्त परत पाठवणी होते ती हिमोग्लोबिनमुळे, आणि त्यात बायका अधिक असतात. १२.५ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत. बोटातून काढलेला थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडायची पद्धत बऱ्याच शिबिरांत दिसते. थेंब पटकन बुडाला तर ठीक, वरच रेंगाळला तर रक्त पातळ. हल्ली छोटं यंत्रही वापरतात. जिचा थेंब तरंगला तिने नाराज होऊन घरी न जाता आपल्या डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी. न जाणवलेला रक्तक्षय असा अचानक कळतो.

सोसायटीच्या शिबिरात एक अडचण असते, जिचा विचार आपण करत नाही. परत फिरणाऱ्याला दारातच शेजारी विचारतात, 'काय हो, का नाही घेतलं?' फॉर्ममधले काही प्रश्न खासगी असतात. चार लोक बघताहेत म्हणून कुणी तिथे खोटं उत्तर दिलं, तर धोका रक्त घेणाऱ्या रुग्णाला. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, मलेरिया यांसाठी चाचणी होते, पण अगदी ताजा संसर्ग चाचणीत सापडेलच असं नाही. म्हणून यंदा तपासणीचं टेबल पडद्याआड ठेवलं आहे, आणि सूचनेत स्पष्ट लिहिलं आहे: 'कुणी रक्त दिलं, कुणी नाही, याची चौकशी कृपया करू नये.' भेटवस्तूची घोषणाही काढून टाकली. बॅग मिळणार म्हणून आजार लपवणारा रक्तदाता आम्हाला नको.

पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी मी चार ओळी वेगळ्या लिहिल्या. सुई निर्जंतुक असते, एकदाच वापरतात, तुमच्यासमोर पाकीट फोडून काढतात. टोचताना दुखतं, क्षणभर. साधारण ३५० मिलिलिटर रक्त घेतात आणि त्याला दहाएक मिनिटं लागतात. काहींना घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. भीतीने किंवा पटकन उठल्याने रक्तदाब उतरतो, म्हणून तसं होतं. असं वाटलं की लगेच नर्सला सांगा. त्या पाय उंच करून निजवतात, थोड्या वेळात बरं वाटतं. नंतर दहा-पंधरा मिनिटं बसून सरबत, बिस्किट घ्या. त्या दिवशी भरपूर पाणी प्या, त्या हाताने जड पिशव्या उचलू नका, जिमला जाऊ नका.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला मी ही सूचना आधी वाचायला दिली. तिने एकच दुरुस्ती सुचवली, ती शेवटची ओळ झाली: 'मनात भीती असेल तर सोबत कुणाला घेऊन या; आणि येताना पोहे खाऊन, ओळखपत्र घेऊन या.'