टक्का शेवटी काढायचा

मार्च आला की छोट्या कारखान्यांत पुढच्या वर्षाचा हिशेब मांडला जातो आणि जाहिरात-प्रसिद्धीच्या रकान्यात ‘उलाढालीच्या पाच टक्के’ असा आकडा पडतो. हा आकडा बहुधा दुकानदारी किंवा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या धंद्यातून आलेला असतो. कारखान्याच्या उलाढालीत कच्च्या मालाचा आणि दुसऱ्यांसाठी केलेल्या कामाचाही पैसा असतो, याचा विचार त्यात नसतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एमआयडीसीतल्या एका कारखान्याची जीएसटी वगळून उलाढाल 3 कोटी आहे. त्यातले 1 कोटी 80 लाख दोन मोठ्या कंपन्यांच्या जॉबवर्कचे. उरलेले 1 कोटी 20 लाख स्वतःच्या मसाला कांडप यंत्राचे. 60,000 रुपयांना एक, अशी वर्षाला 200 यंत्रं. पाच टक्क्यांच्या नियमाने प्रसिद्धीला 15 लाख निघतात.

पण जॉबवर्क जाहिरातीने वाढत नाही. तिथे मापातली अचूकता, वेळेवर डिलिव्हरी आणि कंपनीच्या ऑडिटमध्ये पास होणं महत्त्वाचं. म्हणून ते 1 कोटी 80 लाख या हिशेबातून बाजूला ठेवायचे. यंत्राच्या विक्रीतून पोलाद, मोटर, रंग, वाहतूक आणि डीलरचं कमिशन वजा केलं की एका यंत्रामागे 18,000 रुपये सुटतात. 200 यंत्रांचे झाले 36 लाख. पगार, भाडं आणि बँकेचं व्याज यांचा यंत्रांच्या वाट्याचा भार यातूनच उचलायचा असतो. यातून 15 लाख प्रसिद्धीला काढले, तर चाळीस टक्क्यांहून जास्त रक्कम गेली. कागदावर पाच टक्के दिसणारा खर्च इथे कारखान्याला झेपणारा नाही.

मग रक्कम ठरवायची कशी? सुरुवात चौकशीच्या वहीपासून करावी. फोन आला की गिऱ्हाइकाला ‘आमचं नाव कुठून कळलं?’ हा एक प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवायचं. आपल्या उदाहरणात मागच्या वर्षी प्रदर्शनांवर 1 लाख 80 हजार गेले आणि तिथून 18 यंत्रं खपली, म्हणजे एका यंत्राला 10,000 खर्च. ऑनलाइन पोर्टलच्या वर्गणीवर 1 लाख 20 हजार गेले, चौकशा भरपूर आल्या, पण खपली 6 यंत्रं. प्रत्येकी 20,000 खर्च आणि सुटतात 18,000! फोन सतत वाजत होता म्हणून मालकाला पोर्टलच जास्त उपयोगी वाटत होतं. वही नसती तर हा भ्रम आणखी कित्येक वर्षं टिकला असता.

उरलेली 176 यंत्रं डीलर आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या शिफारशीवर गेली. पुढच्या वर्षी तिथून 180 धरू. लक्ष्य 225 असेल, तर 45 यंत्रं प्रसिद्धीच्या जोरावर खपवावी लागतील. आणखी प्रदर्शनं घेतली की प्रत्येकाचा परतावा थोडा घटतो, म्हणून 10,000 ऐवजी 12,000 धरायचे. झाले 5 लाख 40 हजार. त्या 45 यंत्रांतून सुटणार 8 लाख 10 हजार, म्हणजे खर्च भागून 2 लाख 70 हजार उरतात.

आता टक्का काढा. यंत्रांच्या 1 कोटी 35 लाखांच्या अपेक्षित विक्रीवर तो 4 टक्के येतो. टक्क्याचा खरा उपयोग इथे, तपासणीपुरता आहे. हाच हिशेब 10 टक्क्यांवर गेला असता, तर लक्ष्य अवाच्या सवा आहे किंवा यंत्राची किंमत कमी पडते, हे तिथेच कळलं असतं.

प्रदर्शनाचा खर्च मांडताना बहुतेकांची एक गल्लत होते. स्टॉलचं चौरस मीटरचं भाडं तेवढं लिहिलं जातं. यंत्राची ने-आण, विजेची जोडणी, माणसांचा मुक्काम आणि छापील पत्रकं राहून जातात. नमुना म्हणून एखाद्याला यंत्र फुकट दिलं, तर त्यावरचं जीएसटीचं इनपुट क्रेडिटही मिळत नाही. विक्री प्रतिनिधीचा पगार यात धरायचा की नाही, हे एकदाच ठरवावं आणि दरवर्षी तसंच पाळावं. नाहीतर यंदाचा टक्का गेल्या वर्षीच्या टक्क्याशी ताडून पाहता येत नाही.

शिवाय रक्कम बारा महिन्यांत सारखी वाटणंही चूक. मसाल्याचं कांडप उन्हाळ्यात जोर धरतं, त्यामुळे यंत्र घेणारा हिवाळ्यापासून चौकशी करू लागतो. मोठा खर्च नोव्हेंबर ते जानेवारीत पडला पाहिजे आणि स्टॉलची आगाऊ रक्कम त्याही आधी हाताशी हवी. पण ऐन हंगामात महिन्याला वीसच यंत्रं तयार होत असतील, तर आधी माल साठवून ठेवण्याचं भांडवल बघावं लागेल. ते नसेल तर 5 लाख 40 हजारांतली काही रक्कम प्रसिद्धीतून काढून मोटरींच्या खरेदीकडे वळवावी आणि 225 चं लक्ष्य तेवढं खाली आणावं.