आधी तारखा, मग कागद

साठेखत झाले, विसार दिला, पण खरेदीखत काही होईना. अशा तक्रारीचा दावा दाखल करताना पक्षकार वकिलांपुढे कागदांची पिशवी रिकामी करतो आणि ते कागद हाताला येतील तसे फाइलला लागतात. त्यातून नेमके कधी काय घडले, हे न्यायाधीशांना शोधत बसावे लागते. म्हणून फाइल शिवण्याआधी दोन गोष्टी तयार हव्यात: तारीखवार घटनाक्रम आणि दस्तऐवज यादी. घटनाक्रम आधी लिहावा, कारण कोणता कागद लागणार आणि कोणता उगाच जाडी वाढवणार हे त्यातूनच कळते.

एक कल्पित दावा घेऊ. बिनशेती भूखंडाचे साठेखत 14 मार्च 2022 रोजी झाले. खरेदीखत सहा महिन्यांत, म्हणजे 14 सप्टेंबर 2022 पर्यंत करून द्यायचे ठरले. विक्रेत्याच्या वडिलांच्या पश्चात वारसनोंद व्हायची होती, म्हणून 9 सप्टेंबरला दोघांनी सह्या करून मुदत 30 नोव्हेंबर 2022 पर्यंत वाढवली. दावा दाखल झाला 14 ऑक्टोबर 2025 रोजी.

आता मुदत कायद्याचा अनुच्छेद 54 पाहा. कराराच्या पूर्ततेची तारीख ठरलेली असेल, तर दाव्याची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून मोजतात. ती ठरलेलीच नसेल, तर समोरच्याने नकार दिल्याचे कळले तेव्हापासून. आपल्या दाव्यात मूळ साठेखतच धरले, तर मुदत सप्टेंबर 2025 च्या मध्यात संपते आणि दावा मुदतबाह्य ठरतो. मुदतवाढीचे पत्र धरले, तर तो मुदतीत बसतो. सगळा दावा या एका पानावर उभा आहे. हे पत्र साठेखताच्या मागे ‘सोबतची कागदपत्रे’ म्हणून जोडले, तर ते नजरेतून सुटू शकते. घटनाक्रमात त्याला स्वतंत्र ओळ आणि यादीत स्वतंत्र क्रमांक हवाच.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो कागदाची तारीख आणि घटनेची तारीख यांत. दाव्यासाठी 2025 मध्ये काढलेल्या सातबाऱ्यावर 2025 ची तारीख असते, पण आपल्याला दाखवायचा असतो तो फेरफार. आणि फेरफारालाही दोन तारखा: तलाठ्याने नोंद धरली ती 5 ऑगस्ट 2022 आणि मंडळ अधिकाऱ्याने ती मंजूर केली ती 11 ऑक्टोबर 2022. विक्रेत्याची अडचण दूर झाली ती दुसऱ्या तारखेला, म्हणून घटनाक्रमात ठळक यायला हवी ती तीच. नोटिशीचेही असेच. नोटीस 11 ऑगस्ट 2025 ची, पण विक्रेत्याला मिळाली 19 ऑगस्टला. ही मिळाल्याची तारीख पोचपावतीवरून घ्यावी आणि पोचपावती नोटिशीलगतच लावावी.

प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी पुरतात: तारीख, काय घडले ते एका वाक्यात, आणि ते दाखवणारा पान क्रमांक. ‘प्रतिवादीने फसवण्याच्या हेतूने पैसे उकळले’ असे लिहू नये. ‘प्रतिवादीने दोन लाखांचा चेक 24 मे 2022 रोजी वटवला, पान 21’ असे लिहावे. पहिल्या वाक्यावर वाद होतो, दुसऱ्यावर बँकेचा उतारा बोलतो. ज्या ओळीसमोर पान लिहिता येत नाही, ती घटना फक्त तोंडी पुराव्यावर आहे, हे वकिलांना तिथेच कळते. खरेदीदाराची ऐपत आणि तयारी ही ओळ अशीच रिकामी राहते. मुदतीच्या काळात आणि त्यानंतरही उरलेली रक्कम देण्याची तयारी होती, हे विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 16 खाली त्यालाच सिद्ध करायचे असते. म्हणून नोव्हेंबर 2022 चे खातेउतारे दावा दाखल करण्यापूर्वीच मिळवावेत. घटनाक्रम स्वतः पुरावा नसतो. तो पुराव्याकडे नेतो, एवढेच.

यादीत ‘पत्र’, ‘पावती’ असे मोघम लिहिले की उलटतपासात गोंधळ ठरलेला. ‘मुदतवाढीचे पत्र, 9 सप्टेंबर 2022, दोन्ही पक्षांच्या सह्या, मूळ, 1 पान’ असे वर्णन हवे. मूळ, प्रमाणित की झेरॉक्स हे नोंदवायचेच, कारण मुद्दे निघेपर्यंत मूळ कागद हजर करावे लागतात. व्हॉट्सॲपवरचे संदेश लावले असतील, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र त्यांच्यामागोमाग लागते.

पान क्रमांक सगळ्यांत शेवटी, संपूर्ण फाइलला सलग टाकावेत. मध्येच एक कागद घुसला की घटनाक्रमातले पुढचे सगळे आकडे चुकतात. यादीत एक रकाना मात्र कोरा ठेवावा, निशाणीचा. यादीतला अनुक्रमांक आपण देतो. पुराव्यात कागद शाबीत झाल्यावर निशाणी क्रमांक न्यायालय देते, आणि त्यानंतर युक्तिवादात व निकालपत्रात तो कागद त्याच क्रमांकाने ओळखला जातो. साक्षीच्या दिवशीच तो रकाना भरून घ्यावा.