चरबी तेवढीच, काट्यावरचा आकडा वेगळा

क्रिएटिन सुरू करून आठवडा झाला की चरबी दाखवणारा वजनकाटा एखाद्याला खूश करतो, तर एखाद्याच्या पोटात गोळा आणतो. चरबी मात्र दोघांचीही बहुधा होती तेवढीच असते.

मुळात हा काटा चरबी मोजतच नाही. त्यावर अनवाणी उभं राहिलं की जाणवणारही नाही इतका क्षीण विद्युतप्रवाह एका पायातून शिरतो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो. खारट पाण्याने भरलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीतून जेमतेम. वाटेत किती अडथळा आला त्यावरून, उंची, वय, वजन यांची सूत्रात भर घालून, शरीरातल्या पाण्याचा अंदाज बांधला जातो. चरबी वगळता उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असतं, असं धरून त्या भागाचं वजन काढतात. एकूण वजनातून ते वजा केलं की उरते ती ‘चरबी’.

क्रिएटिन नेमका हाच हिशेब बिघडवतं. ते स्नायूंच्या पेशींत साठतं आणि सोबत पाणी ओढून घेतं. पहिले पाच-सात दिवस रोज २० ग्रॅम घेणाऱ्यांचं वजन त्यामुळे किलो-दीड किलो वाढू शकतं.

समजा, ७० किलोच्या माणसात १४ किलो चरबी आहे, म्हणजे २० टक्के. स्नायूंत १.२ लिटर पाणी वाढलं आणि वजन ७१.२ किलो झालं. यंत्राला ते सगळं पाणी दिसलं, तर ७३ टक्क्यांच्या हिशेबाने ते १.६ किलो ‘स्नायू’ वाढल्याचं सांगेल. वाढलेल्या वजनापेक्षा हे जास्त, म्हणून फरक चरबीतून कापला जाईल : १३.६ किलो, १९ टक्के. आठवड्यात अर्धा किलोच्या आसपास चरबी गेली, तीही काही न करता!

पण घरगुती काटे बहुतेक ५० किलोहर्ट्झच्या एकाच वारंवारतेवर चालतात. हा प्रवाह पेशींच्या आवरणातून पुरता आत जात नाही, आणि पायातून पायात जाताना छाती-दंडांना जवळपास वगळतोच. पेशींच्या आतलं नवं पाणी त्याला दिसलंच नाही, तर वाढलेलं सगळं वजन चरबीच्या खात्यात पडेल : १५.२ किलो, २१ टक्क्यांच्या वर. खरा आकडा १९.७. प्रत्यक्षात काटा या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबेल, हे त्याच्या सूत्रावर ठरतं, आणि ते सूत्र कंपन्या सहसा उघड करत नाहीत. म्हणून या आकड्यावरून जेवण कमी करणं मला सरळ चुकीचं वाटतं.

डेक्सा स्कॅनही हे पाणी चरबीविरहित भागातच धरतो, तेव्हा तिथे वाढलेला किलोही नवा स्नायू समजू नये.

क्रिएटिन सुरू करण्याआधी वजन आणि बेंबीपाशी कमरेचा घेर टेपने मोजून ठेवावा. महिन्याभरात साठा भरतो. त्यानंतर सकाळी, पोट साफ झाल्यावर, पाणी पिण्याआधी घेतलेला आकडा नवी सुरुवात मानून पुढची तुलना त्याच्याशीच करावी. वजन वाढलं पण घेर तेवढाच, तर ते पाणी असण्याचीच शक्यता जास्त. आणि क्रिएटिन बंद केलं की चार-सहा आठवड्यांत साठा ओसरतो, पाणी जातं, आणि काटा पुन्हा, या वेळी उलट दिशेने, चुकू लागतो.