टीएसएच किती खाली असावे?

थायरॉइडच्या पॅपिलरी व फॉलिक्युलर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर लेव्होथायरॉक्सिनची जी गोळी रोज उपाशीपोटी घ्यावी लागते, ती शरीराची उणीव भरून काढते. शिवाय मस्तिष्कातील पीयूष ग्रंथीतून स्रवणारे आणि उरल्यासुरल्या थायरॉइड पेशींना वाढीस उत्तेजन देणारे टीएसएच हे संप्रेरक दाबून ठेवण्याचे कामही तिच्याकडेच असते.

गैरसमज : टीएसएच जितके खाली, तितका रोगी सुरक्षित.

वस्तुस्थिती : अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या 2015 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शस्त्रक्रियेनंतर आरंभी, अधिक जोखमीच्या रोग्यात टीएसएच 0.1 च्या खाली व मध्यम जोखमीत 0.1 ते 0.5 ठेवावे, अल्प जोखमीत थायरोग्लोब्युलिन आढळत नसेल, तर 0.5 ते 2 पुरे. याचे कारण असे की, अल्प जोखमीत रोग उलटण्याची शक्यता मुळातच थोडी असल्याने टीएसएच आणखी दाबून लाभ होत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. हानी मात्र दिसून आलेली आहे. फ्रॅमिंगहॅम येथील 1994 च्या अभ्यासात, साठी ओलांडलेल्या ज्या व्यक्तींचे टीएसएच 0.1 किंवा त्याहून कमी होते, त्यांना दहा वर्षांच्या मुदतीत हृदयाची लय बिघडण्याचा एट्रियल फिब्रिलेशन हा विकार सुमारे तिप्पट प्रमाणात झाला. आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत अशा दडपणाने हाडांची झीज वाढते.

गैरसमज : अहवालात टीएसएच कमी दिसले, म्हणजे गोळी जास्त झाली.

वस्तुस्थिती : प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा निरोगी माणसासाठी आखलेली असते, ज्याच्या शरीरात रोगाची गाठ अद्याप शिल्लक आहे, त्याचे टीएसएच 0.1 च्या खाली जाणूनबुजून ठेवलेले असते. म्हणून कर्करोगतज्ज्ञाने ठरविलेले लक्ष्य कागदावर लिहून घ्यावे आणि गावाकडील डॉक्टरांना दाखवावे.

गैरसमज : एकदा ठरलेली मात्रा जन्मभर कायम.

वस्तुस्थिती : समजा, रोहिणखेडची बासष्ट वर्षांची एक बाई मलकापूरला गाडी धरून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात शस्त्रक्रिया करवून आली; गाठ दीड सेंटिमीटरची, ग्रंथीपुरतीच मर्यादित, लसीकाग्रंथी निर्दोष. वर्षभराने मानेची सोनोग्राफी स्वच्छ निघाली, थायरोग्लोब्युलिन आढळले नाही व त्याविरुद्धची प्रतिपिंडेही नव्हती. परंतु टीएसएच 0.04 होते आणि छातीत धडधड होत होती. येथे पूर्वीच्याच मात्रेचा हट्ट अनाठायी होय. लक्ष्य आता 0.5 ते 2. तेव्हा डॉक्टरांनी मात्रा थोडी उतरवावी, नाडी अनियमित असल्यास ईसीजी काढावा, हाडांच्या घनतेची तपासणी करावी. औषधाचा परिणाम रक्तात स्थिरावण्यास अवधी लागतो, म्हणून टीएसएचची फेरतपासणी सहा ते आठ आठवड्यांनी व्हावी. आणि हाडांसाठी कॅल्शियम दिल्यास ते या गोळीनंतर चार तासांनी घ्यावे, नाहीतर गोळी नीट शोषली न जाऊन टीएसएच वर चढते व मात्रेचा हिशेब चुकतो.

तथापि, पुढे थायरोग्लोब्युलिन वाढू लागले किंवा मानेत नवी गाठ दिसली, तर लक्ष्य पुन्हा खाली आणावे लागते.