चालू फाइल एकच

समजा, एका कारखान्याच्या हिशेब विभागात एप्रिलचं पगारपत्रक ऑफिसच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवलं आहे. सकाळी एक कारकून एक्सेलमध्ये ते उघडून ओव्हरटाइमचे तास भरायला बसतो. थोड्या वेळाने दुसरीला त्यातच रजा टाकायच्या असतात. फाइल आधीच उघडी असल्याचं एक्सेल तिला सांगतं आणि फक्त वाचायला देतं. काम तर अडलेलं असतं. ती प्रत डेस्कटॉपवर घेते, रजा भरते आणि संध्याकाळी फाइल मोकळी झाली की तीच प्रत जुन्या नावाने ड्राइव्हवर टाकते. संगणक विचारतो, ‘जुनी फाइल बदलायची का?’ ती होय म्हणते आणि दिवसभराचा ओव्हरटाइम पुसला जातो. अशी पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

एक्सेलने कुलूप बरोबर लावलं होतं. पण ते मूळ फाइलला असतं, डेस्कटॉपवरच्या प्रतीला नाही. त्यामुळे विभागप्रमुखाने सगळ्यांना पाठवायच्या निरोपात पहिलं वाक्य हेच हवं: ‘फाइल दुसऱ्याकडे उघडी असेल तर प्रत काढू नका. त्याला फोन करा आणि ती बंद झाल्यावर भरा.’

नावांचा नियम त्यानंतर येतो आणि बहुतेक ठिकाणी तिथेच चूक होते. लोक चालू फाइललाच v2, v3, final अशी शेपटं जोडत जातात. मग कोणती खरी, हे कुणालाच कळत नाही. शिवाय बँकेच्या यादीची फाइल पगारपत्रकातून आकडे ओढत असेल, तर नाव बदलल्यावर ती जुन्याच फाइलकडे बघत राहते. म्हणून चालू फाइलचं नाव महिनाभर स्थिर ठेवावं. क्रमांक आणि तारीख फक्त बाजूला काढलेल्या प्रतीला द्यावी:

```
Chalu\Pagar_2025-04.xlsx
Juni\Pagar_2025-04_v03_2025-04-28.xlsx
```

तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. असं लिहिलं की नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. 28-04-2025 लिहिलं, तर सगळ्या महिन्यांच्या 28 तारखा शेजारी येऊन बसतात. तारखेत तिरकी रेघ चालत नाही, कारण विंडोज ती नावात घेतच नाही.

प्रत कधी काढायची, हेही निरोपात स्पष्ट हवं: मोठा बदल करण्याआधी आणि पगार बँकेत पाठवण्याआधी. Juni फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार एकाच माणसाला असावा. बाकीच्यांना तिथलं उघडता यावं, बदलता येऊ नये.

फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल, तर अनेकांना एकाच वेळी भरता येतं आणि आधीच्या आवृत्त्याही परत मिळतात. तिथे हाताने काढलेल्या प्रतींची गरज बरीच कमी होते. मात्र कुणी तीच फाइल ईमेलने मागवून, घरी भरून पुन्हा वर चढवली, की ओव्हरटाइम पुन्हा तसाच गायब होतो. तेव्हा आवृत्त्यांच्या यादीतून आदल्या संध्याकाळची फाइल काढून दोन्हींतल्या ओळी एकेक ताडून बघाव्या लागतात.