ताई, आधी कोणतं काम करू?

आज बोलायचंय ते एका मेसेजबद्दल. कामाचा डोंगर झाला, की आपल्या प्रभाग समन्वयक ताईंना किंवा सरांना तो कसा लिहायचा?

पहिला मेसेज मी कसा लिहिला ते आधी सांगते. गेल्या जूनमधला रविवार, रात्रीचे साडेदहा. पेरणीच्या तोंडावर चार कामं एकदम अंगावर आली होती. मी सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, "माझ्याकडून आता होणार नाही. सगळं मलाच का?" सकाळी उत्तर आलं, "सगळ्यांनाच काम आहे ताई." पुढे दोन अंगठे आणि एक हात जोडलेला. झालं!

राग आला मला. पण नंतर वाटलं, त्या बाईंनी तरी काय करावं? माझ्या मेसेजमध्ये कुठलं काम, किती, कधीपर्यंत, यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे माझ्यासारख्या पंधराजणी. कोणाच्या हातात काय आहे, हे त्यांना पाठ नसतं. एक काम तालुक्यावरून येतं, दुसरं बँकेतून, तिसरं ग्रामसंघातून. या सगळ्यांची बेरीज फक्त आपल्यालाच दिसते.

म्हणून सोमवारी सकाळी चहा घेताना वहीत बेरीज मांडली. बारा गटांची ॲपमधली नोंद, एका गटाला चाळीस मिनिटं, म्हणजे आठ तास. तीन गटांच्या कर्जाच्या फायली, बँकेच्या फेरीसकट दहा तास. तीन गटांच्या बैठका, जाऊन-येऊन सहा तास. आणि साठ घरांचं सर्वेक्षण, घराला पाव तास धरला तर पंधरा तास. एकूण एकोणचाळीस. घर, गुरं, शेत सांभाळून मला रोज पाच तास मिळतात. पाच दिवसांचे पंचवीस. चौदा तास कमी पडत होते. रात्रभर मला वाटत होतं की मीच कमी पडते.

प्रवासाचा वेळ धरायला मात्र विसरू नका. आपण बैठकीचा एक तास धरतो आणि वाडीवर जाणारी चाल सोडून देतो.

मग ताईंना एकटीला, ग्रुपवर नाही, असा मेसेज केला:

"नमस्कार ताई. या आठवड्यात माझ्याकडे चार कामं आहेत: कर्जाच्या तीन फायली (बँकेने बुधवार दिलाय), तीन बैठका, बारा गटांची नोंद (शुक्रवार), साठ घरांचं सर्वेक्षण (शुक्रवार). सगळ्याला साधारण ३९ तास लागतील, माझ्याकडे २५ आहेत. त्यामुळे मला ताण आलाय आणि घाईत नोंदी चुकतील अशी भीती वाटते. मी आधी फायली, मग बैठका आणि नोंद करते. ती शुक्रवारपर्यंत होतील. सर्वेक्षण पुढच्या बुधवारपर्यंत दिलं तर चालेल का? की त्यातलं काही आधी हवंय? आज संध्याकाळपर्यंत कळवलंत तर उद्यापासून तसं लागते."

ताण आलाय हे मी लपवलं नाही, पण एका वाक्यात सांगितलं. दहा वाक्यांत सांगितलं असतं तर ताई समजूत काढत बसल्या असत्या आणि कामाचं राहून गेलं असतं. क्रम मीच सुचवला, कारण "काय करू?" असं मोकळं विचारलं की "सगळंच करा" हे उत्तर ठरलेलं. फायली पहिल्या का, तर बुधवार चुकला असता तर बायकांना पेरणीआधी पैसे मिळाले नसते. बैठकीचा वारही गटाचा ठरलेला, तो मोडायचा नाही. सर्वेक्षणाची तारीख आपल्याच लोकांनी ठरवलेली, म्हणून ती हलवता येते का, एवढंच विचारलं.

आणि मेसेज सोमवारी सकाळीच. गुरुवारी हाच मेसेज गेला तर ते कारण सांगणं वाटतं.

दुपारी ताईंचा फोन आला, "सर्वेक्षण थांबवता येणार नाही, वरून मागणी आहे. पण वीस घरं शुक्रवारपर्यंत द्या, बाकी पुढच्या आठवड्यात. नोंद सहाच गटांची करा." वीस घरांचे पाच तास वाढले, सहा गटांचे चार कमी झाले. पंचवीस तासांत बसलं, अगदी काठोकाठ. फोन ठेवल्यावर मी लगेच लिहिलं, "ताई, ठरल्याप्रमाणे शुक्रवारपर्यंत २० घरं आणि ६ गट. उरलेलं पुढच्या आठवड्यात." फोनवरचं बोलणं शुक्रवारी कोणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून ही ओळ.

कधी उत्तर येतं, "सगळंच अर्जंट आहे." तेव्हा वाद घालू नका. दोनच कामं समोर ठेवा: "बुधवारी यातलं एकच होईल. फायली की सर्वेक्षण?" दोनातलं एक निवडणं कोणालाही सोपं जातं.

पण दर आठवड्याला असाच मेसेज लिहावा लागत असेल, तर तो प्रश्न मेसेजने सुटणारा नाही. मग वहीतल्या चार आठवड्यांच्या बेरजा घेऊन मासिक बैठकीत बसा आणि गटांची वाटणीच पुन्हा करायला सांगा. माझे दोन गट ऑगस्टमध्ये शेजारच्या गावच्या ताईंकडे गेले, ते असेच.